पाटीवरील नाव आणि पाटीमागील बेरीज

नव्या दुकानाची पाटी रंगविणारा कारागीर ब्रश रंगात बुडवून मालकाला "यात ए एक घालायचा की दोन?" असा प्रश्न करतो, आणि मालक त्याचे उत्तर देण्यापूर्वी खिशातून एक चतकोर कागद काढून त्यावरील आकडे ओठांतल्या ओठांत पुन्हा एकवार मोजून पाहतो, असा प्रसंग आपल्या शहरांच्या बाजारपेठांत आता नवलाचा राहिलेला नाही. त्या चतकोर कागदावर काय लिहिलेले असते, ते आकडे कोठून येतात, त्यांची बेरीज कोणत्या रीतीने होते आणि ती अमुकच यावी असा आग्रह कशासाठी धरला जातो, एवढाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. पुस्तकाचे कर्ते माझे जुने स्नेही असून त्यांची या विद्येवर श्रद्धा आहे, माझी नाही. असे असूनही त्यांनी प्रस्तावनेचे काम माझ्याकडे सोपविले, याचे कारण त्यांनीच दिले ते असे की, ज्याची सारी हयात दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्यात गेली अशा हिशेबनिसाने ही बेरीजही एकदा तपासून द्यावी. तेव्हा हे जे मी लिहीत आहे ते फलज्योतिषाचे खंडन नव्हे आणि मंडनही नव्हे. कीर्द-खतावणी जुळवून पाहण्याच्या माझ्या नित्याच्या धंद्यातलेच ते एक काम आहे.

पूर्वी आपल्याकडे धंद्याला नाव देण्याची रीत साधी होती. कुलदैवताचे नाव घ्यावे, वडिलांचे घ्यावे, आडनाव लावून पुढे 'आणि मंडळी' किंवा 'बंधू' असे जोडावे, अथवा गावाचे नाव घालून मोकळे व्हावे. ज्योतिषाचा सल्ला घेणारे मालकाच्या राशीस किंवा नक्षत्रचरणास अनुकूल असे आद्याक्षर विचारीत. परंतु त्यातही प्रश्न पहिल्या अक्षराचा असे आणि ते अक्षर उच्चारलेले असे, लिहिलेले नव्हे. अक्षरांना अंक देण्याची पद्धत आपल्या शास्त्रकारांना अवगत नव्हती असे मात्र नाही. 'कटपयादि' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतात प्रत्येक व्यंजनाला एक अंक नेमून दिलेला आहे, आणि त्याच्या आधाराने कर्नाटक संगीतातील बहात्तर मेलकर्त्यांची नावे अशी योजिली आहेत की, पहिल्या दोन अक्षरांवरून मेलाचा क्रमांक काढता यावा. 'धीरशंकराभरण' या नावातील 'ध'चे नऊ आणि 'र'चे दोन घेऊन ते उलट क्रमाने वाचले म्हणजे एकोणतीस येतात, आणि तो मेल एकोणतिसावाच आहे. येथे अक्षर हे संख्येचे वाहन आहे. संख्या ध्यानात राहावी म्हणून नाव रचले. आजच्या नामांकात हा क्रम उलटतो. तेथे संख्या ही भाग्याचे वाहन ठरते आणि तिच्यासाठी नाव वाकविले जाते. शिवाय ते नाव मोजायचे ते देवनागरीतील नव्हे, इंग्रजी हिज्जांतील.

ही पद्धत आपल्या देशात रूढ होण्यास जो मनुष्य मुख्यतः कारण झाला त्याचे जगाला ठाऊक असलेले नाव 'किरो' हे होय. मूळचा हा विल्यम जॉन वॉर्नर, जन्म आयर्लंडात १८६६ साली. पुढे त्याने स्वतःस काउंट लुई हॅमन असे म्हणवून घेतले, ग्रीक भाषेतील हातवाचक शब्दावरून 'किरो' हे व्यवसायाचे नाव धारण केले, आणि १९३६ साली अमेरिकेत हॉलिवूड येथे तो वारला. तरुणपणी आपण मुंबई बंदरात उतरलो आणि कोकणातील एका ब्राह्मण गुरूपाशी राहून हस्तसामुद्रिक शिकलो, असे त्याने आपल्या आठवणींत सांगितले आहे. त्याच्या शब्दावाचून त्याला दुसरी साक्ष देण्याच्या भरीस मी पडत नाही. अंकांवरील त्याचा ग्रंथ १९२६च्या सुमाराचा असून, 'खाल्डियन' म्हणून जे कोष्टक आपल्याकडील बहुतेक अंकशास्त्री वापरतात ते त्यातच प्रसिद्ध झालेले आहे.

ते कोष्टक असे. ए, आय, जे, क्यू आणि वाय यांचा अंक एक. बी, के, आर यांचा दोन. सी, जी, एल, एस यांचा तीन. डी, एम, टी यांचा चार. ई, एच, एन, एक्स यांचा पाच. यू, व्ही, डब्ल्यू यांचा सहा. ओ आणि झेड यांचा सात. एफ आणि पी यांचा आठ. नऊ हा अंक कोणत्याही अक्षरास दिलेला नाही. नऊ हा पवित्र अंक असल्यामुळे प्राचीनांनी तो कोणत्याही अक्षराच्या वाट्यास जाऊ दिला नाही, असे त्याचे कारण या विद्येच्या पुस्तकांतून सांगितले जाते.

प्रथमदर्शनी ही वाटणी लहरी वाटते, कारण वर्णमालेच्या क्रमाशी तिचा मेळ बसत नाही. परंतु हिब्रू लिपीत अक्षरेच अंकांचे काम करतात हे ज्याला माहीत आहे, त्याने तिचे कोष्टक शेजारी ठेवावे म्हणजे गुंता आपोआप उकलतो. हिब्रूत बेत म्हणजे दोन, काफ म्हणजे वीस, रेश म्हणजे दोनशे. शून्ये गाळली की तिन्ही दोनच, आणि आपल्या कोष्टकात बी, के, आर हेच तिघे दोनच्या घरात बसले आहेत. गिमेल तीन, लामेद तीस, शीन तीनशे. येथे जी, एल, एस. दालेत चार, मेम चाळीस, ताव चारशे. येथे डी, एम, टी. एक्ससारखे एखादे अक्षर सोडले तर सर्व कोष्टक याच न्यायाने लागते. आता नवाचे पाहू. हिब्रूत नऊ हे तेत या अक्षराचे आणि नव्वद हे त्सादे या अक्षराचे मूल्य आहे, आणि या दोहोंना रोमन लिपीत स्वतंत्र प्रतिनिधी मिळालेला नाही. तेतचा उच्चार टी या अक्षराने करावा तर त्याची जागा तावने आधीच घेतलेली. नवाचे घर रिकामे राहिले ते पावित्र्यामुळे नव्हे, भाडेकरू न मिळाल्यामुळे, असा माझा तर्क आहे. तो मान्य करावा अथवा करू नये. परंतु ज्या कोष्टकावर धंद्याचे भवितव्य तोलावयाचे ते एका लिपीतून दुसरीत उतरविताना कसे घडले, हे वापरणाऱ्यास ठाऊक असलेले बरे.

याशिवाय दुसरे एक कोष्टक पायथागोरसच्या नावावर चालते. त्यात ए पासून झेडपर्यंतच्या सव्वीस अक्षरांना क्रमाने एक ते नऊ, पुन्हा एक ते नऊ आणि उरलेल्या आठांस एक ते आठ असे अंक दिलेले असतात. ही वाटणी सरळ आहे. मात्र जे हे अक्षर आय पासून आणि यू हे व्ही पासून वेगळे मानण्याची चाल पायथागोरसनंतर दोन सहस्र वर्षांनी पडलेली असल्यामुळे, आज आपण मोजतो ती सव्वीस अक्षरे त्या ग्रीक तत्त्ववेत्त्याने मोजली असतील हे संभवत नाही.

आता प्रत्यक्ष बेरजेकडे वळतो. उदाहरणादाखल मी एक काल्पनिक दुकान घेतो आणि त्यास 'आनंद स्टोअर्स' असे नाव देतो. आनंद हा शब्द इंग्रजीत सामान्यतः ए-एन-ए-एन-डी असा लिहितात. किरोच्या कोष्टकाने त्याचे एक, पाच, एक, पाच आणि चार मिळून सोळा होतात. स्टोअर्स म्हणजे एस-टी-ओ-आर-ई-एस. त्याचे तीन, चार, सात, दोन, पाच आणि तीन मिळून चोवीस. सोळा आणि चोवीस मिळून चाळीस, आणि चार अधिक शून्य बरोबर चार. यांपैकी चाळीस हा संयुक्तांक आणि चार हा एकांक अथवा नामांक. अंकशास्त्री दोहोंचे फळ वेगवेगळे वाचतो: एकांकावरून नावाचा ग्रह आणि बाह्य स्वभाव, संयुक्तांकावरून त्याच्या पोटातील गुप्त फलादेश.

येथे एक पोटप्रश्न निर्माण होतो, आणि त्याकडे व्यवसायी मंडळी फारसे लक्ष देत नाहीत. स्वतः किरोने नाव मोजताना प्रत्येक शब्दाचा आधी एकांक काढून नंतर त्या एकांकांची बेरीज घेतली आहे. त्या रीतीने सोळाचे सात, चोवीसचे सहा, आणि सात अधिक सहा मिळून तेरा हा संयुक्तांक येतो, चाळीस नव्हे. एकांक मात्र दोन्ही वाटांनी चारच येतो, आणि तो तसाच यावयास हवा. कारण अंकांची बेरीज करीत एकांकापर्यंत येणे म्हणजे नवाने भागून बाकी काढणेच होय. आमच्या पेढीवरील जुने कारकून लांबलचक बेरजेचा पडताळा पाहण्यासाठी जो नवाचा ताळा घेत तोच हा. त्यात कोणत्याही टप्प्यावर नऊ टाकले तरी शेवटची बाकी बदलत नाही. संयुक्तांकाला मात्र हे संरक्षण नाही. एकच नाव, एकच कोष्टक, आणि तरी संयुक्तांक चाळीस किंवा तेरा, बेरीज करणाराच्या सवयीप्रमाणे. आणि फलादेशाचा मोठा भार तर याच संयुक्तांकावर असतो. म्हणून कोणाही अंकशास्त्र्याकडे गेलेल्या व्यापाऱ्याने पहिला खुलासा मागावा तो हाच की, आपण सरळ बेरीज घेता की शब्दवार.

दोन कोष्टकांचा मेळ तर याहूनही कमी बसतो. 'आनंद स्टोअर्स' हे नाव दोन्ही कोष्टकांनी चाळीसच येते, परंतु हा योगायोग आहे. स्टोअर्सच्या जागी 'भांडार' लिहून पाहावे. बी-एच-ए-एन-डी-ए-आर यांची किरोप्रमाणे बेरीज वीस, म्हणून 'आनंद भांडार' छत्तीस, नामांक नऊ. पायथागोरसच्या नावच्या कोष्टकाने भांडार तीस, एकूण शेहेचाळीस, नामांक एक. एका कोष्टकाने जे नाव मंगळाचे ते दुसऱ्याने रवीचे ठरले. आणि दुकानात विकला जाणारा माल तर तोच आहे.

आता कोणती बेरीज साधावयाची ते पाहू. एक ते नऊ या अंकांना ग्रह नेमलेले आहेत: एकास रवी, दोनास चंद्र, तीनास गुरू, पाचास बुध, सहास शुक्र, आठास शनी, नवास मंगळ. चार आणि सात यांस किरोने हर्षल आणि नेपच्यून दिले होते. आपल्याकडील लेखकांनी त्या जागी राहू आणि केतू बसविले, आणि अशा रीतीने परदेशी पाहुण्यास नवग्रहांच्या पंक्तीत पाट मिळाला. व्यापाराच्या नावासाठी या अंकांत सर्वाधिक मागणी पाचाची आहे, आणि तिचे कारण उघड आहे; आपल्या ज्योतिषात बुध हा वाणीचा, हिशेबाचा आणि वाणिज्याचा कारक मानलेला असल्यामुळे पाच हा व्यापाऱ्याचा घरचाच अंक ठरतो. त्याखालोखाल सहा, एक आणि तीन यांना मान आहे. चार आणि आठ हे सामान्यतः टाळले जातात, आठ तर विशेषच, कारण शनीचे नाव घेतले की आपल्या व्यापाऱ्याचा हात गल्ल्यावरून आपोआप मागे येतो.

परंतु एकांक चांगला आला म्हणजे काम संपले असे नाही. संयुक्तांकांचे फळ किरोने दहापासून बावन्नपर्यंत दिले असून बावन्न ही मर्यादा वर्षाच्या बावन्न आठवड्यांशी जोडली आहे; त्यात तेवीस हा अंक यश आणि वरिष्ठांचे साहाय्य देणारा म्हणून फार वाखाणला आहे, बत्तीस आणि एकेचाळीस हे त्याच्याच कुळातले, सदतीस हा भागीदारीस शुभ. उलट सोळा म्हणजे वीज पडून ढासळणारा बुरूज, बावीस म्हणजे भ्रमात वावरणारा सज्जन, त्रेचाळीस म्हणजे उलथापालथ आणि अपयश. अठ्ठावीसची गोष्ट तर ध्यानात ठेवण्याजोगी आहे; त्याचा एकांक एक, म्हणजे रवीचा, म्हणजे उत्तम, परंतु संयुक्तांक म्हणून त्याचे फळ असे सांगितले आहे की, दुसऱ्यावर विश्वास टाकल्याने तोटा, व्यापारात स्पर्धा आणि कज्जेखटल्यात नुकसान. व्यापाऱ्यास याहून भयंकर अंक दुसरा कोणता असणार!

तिसरी अट मालकाची. त्याच्या जन्मतारखेचा एकांक तो मूलांक, आणि दिवस, महिना, वर्ष मिळून सर्व अंकांचा एकांक तो भाग्यांक; नामांकाची या दोहोंशी मैत्री असावी लागते. समजा आपल्या काल्पनिक दुकानाचा मालक १४ ऑगस्ट १९६१ रोजी जन्मला; चौदाचा मूलांक पाच, आणि एक, चार, आठ, एक, नऊ, सहा, एक यांची बेरीज तीस म्हणून भाग्यांक तीन. अशा गृहस्थास पाच नामांकाचे नाव सर्वथा इष्ट, आणि त्याच्या दुकानास मिळाला आहे चार. त्यातही 'आनंद' हा पहिला शब्द नेमका सोळाचा, ढासळणाऱ्या बुरुजाचा.

उपाय मात्र सोपा असतो. 'आनंद'च्या आरंभी आणखी एक ए लिहावा. सोळाचे सतरा झाले, आणि सतरा हा किरोच्या मते ताऱ्याचा शुभ अंक. एकूण बेरीज एकेचाळीस, नामांक पाच. बुरूज सावरला, बुध प्रसन्न झाला आणि मालकाच्या मूलांकाशी गाठ पडली. हाच मालक भागीदारीत असता तर ए वाढविण्याऐवजी शेवटचा एस काढून 'स्टोअर' एवढेच ठेवण्याचा सल्ला त्यास मिळाला असता, म्हणजे बेरीज सदतीस. परंतु अधिक लाभाच्या आशेने त्याने दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या, ए वाढविला आणि एसही काढला, तर बेरीज अडतीस होते, आणि अडतीसचे फळ विश्वासघात आणि बेभरवशाचे मित्र असे सांगितलेले आहे. औषधाच्या दोन मात्रा एकदम घेतल्याने विष व्हावे, तसला हा प्रकार.

येथे हिशेबनीस म्हणून माझे जे मुख्य म्हणणे आहे ते मांडतो. किरोच्या कोष्टकात अक्षरांची मूल्ये एक ते आठ अशी आहेत, आणि यांपैकी प्रत्येक मूल्याचे निदान एक तरी अक्षर आहे. नामांक नऊच, तेव्हा हाती असलेल्या नामांकापासून हव्या असलेल्या नामांकापर्यंतचे अंतर शून्य ते आठ यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. अंतर शून्य असेल तर काही करावयास नको. एरवी तेवढ्या मूल्याचे एक अक्षर वाढविले की काम भागते. याचा अर्थ असा की, जगातील कोणतेही नाव, कोणत्याही भाषेतील, फार तर एका अक्षराच्या खर्चात हव्या त्या नामांकावर आणून ठेवता येते. वाढविलेले अक्षर उच्चारात दिसू नये एवढीच काय ती काळजी. आणि त्यासाठी एक मूल्याचा ए, पाच मूल्यांचे ई आणि एच, किंवा जोडव्यंजनासारखी दुहेरी केलेली अक्षरे ही अंकशास्त्र्याच्या पेटीतील नेहमीची हत्यारे होत. आपल्या भाषांत दीर्घ स्वर, महाप्राण आणि द्वित्त यांची चंगळ असून इंग्रजी हिज्जांत ती कशी लिहावीत याला नियम नसल्यामुळे, या हत्यारांना आपल्याकडे जितके मोकळे रान मिळाले तितके खुद्द इंग्लंडातही मिळाले नसते. 'श्री' हाच एक शब्द तीन-चार प्रकारे लिहिता येतो आणि प्रत्येक प्रकाराची बेरीज निराळी.

बेरीज आधी ठरवून रकमा मागाहून लिहिणे याला आमच्या धंद्यात एक नाव आहे आणि ते सभ्य नाही. मी ते येथे वापरीत नाही, कारण अंकशास्त्री काही लपवीत नाही. आपण नाव बदलून बेरीज जुळविली हे तो उघडपणे सांगतो. परंतु जुळण्यासारखे जे नेहमीच जुळते त्याच्या जुळण्यावरून पुढे काही सिद्ध होत नाही, एवढे मात्र म्हटल्यावाचून राहवत नाही.

नाव म्हणजे नेमके कोणते नाव, हा दुसरा आणि तितकाच निसरडा प्रश्न आहे. पाटीवरचे, बँकेच्या खात्यातले, की नोंदणीच्या दाखल्यावरचे? 'आणि' हा शब्द इंग्रजीत अक्षरांनी लिहिला तर त्याचे दहा, चिन्हाने लिहिला तर काहीच नाही. कंपनी हा शब्द पूर्ण लिहिला तर एकोणतीस, संक्षेपाने दोन अक्षरांत लिहिला तर दहा. 'प्रायव्हेट लिमिटेड' पूर्ण लिहिल्यास एकोणपन्नास, नेहमीच्या संक्षेपात एकोणतीस. एकाचा एकांक चार, दुसऱ्याचा दोन. काही अंकशास्त्री ही कायद्याची शेपटी मोजतात, काही मोजीत नाहीत, आणि काही ती मोजावी की नाही हे बेरीज पाहून ठरवितात.

या निसरडेपणाचे एक ठळक उदाहरण आपल्या औद्योगिक इतिहासातूनच देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढून त्यास 'किर्लोस्कर ब्रदर्स' असे नाव दिले. 'किर्लोस्कर' या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांची किरोप्रमाणे बेरीज बरोबर तेवीस, म्हणजे साऱ्या कोष्टकातील सर्वांत वाखाणलेला व्यापारी अंक; हे पाहून कोणाही अंकशास्त्र्याचा ऊर भरून यावा. परंतु पाटीवरचे नाव होते ते 'ब्रदर्स'सकट, आणि ब्रदर्सचे तीस मिळविले की त्रेपन्न होतात, नामांक आठ, शनीचा, टाळावा असे सांगितलेला. ज्याला यश दाखवावयाचे आहे त्याने आडनाव मोजावे, ज्याला शनीची भीती घालावयाची आहे त्याने पाटी मोजावी. दुसरे उदाहरण अर्देशीर गोदरेज यांचे. १८९७ साली त्यांनी मुंबईत कुलुपे बनविण्यास आरंभ केला. 'गोदरेज' या नावाची बेरीज बावीस, भ्रमात वावरणाऱ्या सज्जनाचा अंक, नामांक चार. त्या कारखान्याच्या कुलुपांवर साऱ्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या तिजोऱ्या विश्वासून सोडल्या, हे लक्षात घेतले म्हणजे भ्रमात कोण होते असा प्रश्न मनात येतो. ही दोन्ही नावे किरोचा ग्रंथ निघण्याच्या कितीतरी आधीची आहेत. ती ठेवताना कोणी हिज्जे मोजले नव्हते, म्हणूनच पुरावा म्हणून त्यांना थोडीफार किंमत आहे. ज्या नावांची बेरीज आधी जुळवून मग पाटी लावली गेली, त्यांच्यापैकी चालू राहिलेल्या दुकानांची उदाहरणे या विद्येच्या पुस्तकांतून भरपूर मिळतात. मात्र शुभ बेरजेची पाटी खाली उतरवून ज्यांना गाळा रिकामा करावा लागला त्यांची यादी मला कोणत्याही पुस्तकात आढळली नाही, आणि बुडीत खात्यांवाचून काढलेला ताळेबंद मी तरी कधी सही करून दिलेला नाही.

आता व्यवहाराच्या बाजूने दोन शब्द. कंपनी नोंदवावयाची असेल तर वाढविलेला ए निबंधकाच्या दफ्तरी उपयोगी पडत नाही. कंपन्यांच्या स्थापनेचे २०१४चे नियम आणि त्यांची २०१९ची दुरुस्ती यांनुसार, आधी नोंदलेल्या नावाचे हिज्जे मुद्दाम किंवा चुकून बदलल्याने नवे नाव निराळे समजले जात नाही. 'आनंद' नावाची कंपनी असेल तर दोन ए घातलेली 'आनंद'ही तिच्यासारखीच धरली जाऊन अर्ज परत येण्याचा संभव असतो. व्यापारचिन्हाच्या बाबतीतही कान डोळ्याइतकाच महत्त्वाचा मानला जातो. म्हणून बेरीज जुळविण्यापूर्वी नाव मिळण्याजोगे आहे की नाही ते पाहावे. उलट क्रमाने गेल्यास शुभ अंकही हातचा जातो आणि फीही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. माझ्याकडे काही वर्षे हिशेबास असलेल्या एका किराणा दुकानाच्या मालकाने पाटीवर आणि बिलांवर नवे हिज्जे घेतले, बँकेत आणि कराच्या दाखल्यावर जुनेच राहू दिले. घाऊक व्यापाऱ्यांशी त्याचा व्यवहार मोठा असल्याने बिलावरील नाव पाहून लिहिलेले त्यांचे धनादेश खात्यावरील नावाशी न जुळून परत येऊ लागले, आणि प्रत्येक परतीचा आकार त्याच्या नावे पडू लागला. सहा महिन्यांनी मी त्याला त्या आकारांची तेरीज काढून दाखविली, तेव्हा त्याने तिच्याही अंकांची बेरीज केली आणि ती चांगली येते असे मला समाधानाने सांगितले. नाव बदलावयाचेच असेल तर ते सर्व दाखल्यांवर एकाच दिवशी बदलावे, आणि तेवढा खर्च आधी मांडून पाहावा, एवढाच धडा मी त्यातून घेतला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. महाराष्ट्रात दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२२च्या दुरुस्तीने ते लहान दुकानांनाही लागू झाले, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत अशीही अट आहे. तेव्हा आपल्या काल्पनिक मालकाने दोन ए घालून बुधाची आराधना केली, तरी त्याच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'आनंद स्टोअर्स' असेच येणार, आणि त्या अक्षरांना किरोच्या कोष्टकात अंकच नाही. एवढेच नव्हे, तर मूळ शब्दात आरंभीचा स्वर दीर्घ असल्यामुळे दोन ए लिहिणे हे उच्चाराच्या दृष्टीने अधिक शुद्धच आहे. एखाद्या काटेकोर लिपिशास्त्रज्ञाने कोणताही अंक न मोजता हीच दुरुस्ती सुचविली असती. जी अक्षरे गिऱ्हाईक वाचते आणि ज्या नावाने ते दुकानाला हाक मारते, त्यांत बेरजेमुळे काहीच बदललेले नसते.

माझ्या स्नेह्यांचे पुस्तक वाचकांनी वाचावे. कोष्टके, संयुक्तांकांची फळे आणि मूलांकांची मैत्री त्यांनी मोठ्या कष्टाने आणि स्वच्छ रीतीने मांडली असून बेरजेत कोठेही चूक केलेली नाही, याची मी कागद-पेन्सिल घेऊन खात्री करून घेतली आहे. वाचताना माझ्या या प्रस्तावनेतून एकच गोष्ट सोबत ठेवावी. खतावणीच्या दोन्ही बाजू जुळेनात, तपास करूनही फरक सापडेना, म्हणजे आम्ही ती रक्कम उचंत खात्यात टाकतो; ताळा तेवढ्यापुरता बसतो, परंतु ज्याने तो बसविला त्याला हे माहीत असते की, आपण फरक शोधलेला नाही, फक्त त्याला राहायला जागा दिली आहे. पाटीवरील दुसऱ्या ए ची जागा मला त्या खात्यासारखी वाटते. धंद्याचा मेळ त्या अक्षराने जुळला असे ज्याला वाटत असेल त्याने ते खुशाल लिहावे, कारागीरही रंग घेऊन उभा आहे. मात्र वर्षअखेर ज्या दिवशी उचंत खाते उघडून त्यातील प्रत्येक रक्कम तिच्या खऱ्या खात्यात न्यावी लागते, त्या दिवशी माल, उधारी आणि गिऱ्हाईक यांचा हिशेब त्याला नवाने न भागता, पूर्ण आकड्यांत मांडावा लागेल.